दुसरा आणि चौथा शनिवार

कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून माझी नोकरी झाली. नवरा-बायको वेगळे होताना मुलांच्या ताब्यावरून जे वाद पाहिले, त्यातून कळलेल्या या काही गोष्टी.

१. पाच वर्षांखालचं मूल आईचं, पुढे बापाचं, असा पक्का नियम समजून लोक येतात. 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा एवढंच म्हणतो की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा एरवी आईकडे असावा. पाच पूर्ण झाली म्हणून बाप आपोआप हक्कदार होत नाही. त्याच कायद्याचं कलम 13 मुलाचं हित सर्वांत वर ठेवतं. गोव्यातल्या एका दाम्पत्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केलं, की इतक्या लहान मुलासाठी आई योग्य नाही असं म्हणणाऱ्या बापाने ते सिद्ध करायचं. आपण लायक आहोत हे आईने सिद्ध करायचं नाही.

२. पगाराची स्लिप पुढे सरकवणारे फार. कमाई कमी असेल तर पोटगीने भागवता येतं, त्यामुळे निकाल त्यावर ठरत नाही. न्यायाधीश विचारतात ते असं: डबा कोण भरतं, लसीकरणाचं कार्ड कोणाकडे आहे, पालकसभेला कोण जातं, ताप आला की रात्री कोण जागतं? शाळा बदलावी लागेल का? भावंडं एकत्र राहतील का? घरात मारहाण वा दारू असेल, तर तीही मोजली जाते. याशिवाय एक गोष्ट पाहिली जाते, आणि नेमकी तीच लोक विसरतात: मुलाला दुसऱ्या पालकाला भेटू कोण देतं?

मूल कळत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याच्याशी चेंबरमध्ये एकट्याने बोलतात. त्याची इच्छा ऐकतात, पण तिने बांधले जात नाहीत. पढवलेलं मूल ओळखू येतं. सात वर्षांचा मुलगा ‘पप्पांनी आमची जबाबदारी झटकली’ म्हणाला, की हे वाक्य घरात कोणाचं ते विचारावं लागत नाही.

३. ताब्यापेक्षा भेटीच्या आदेशावर जास्त डोकं लावावं. एक प्रकरण सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. वडील पुण्यात, आई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन नाशिकला माहेरी. तडजोडीच्या अर्जात लिहिलं होतं, ‘वडील सोयीनुसार भेटतील’. पहिल्या महिन्यातच भांडण. याला रविवार सोयीचा, तिच्या घरी त्या दिवशी पाहुणे.

मग सगळं नव्याने लिहिलं. दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी अकरा ते पाच. सुरुवातीच्या भेटी न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत, कारण मुलीने बापाला बरेच महिने पाहिलंच नव्हतं. ती रुळली की बाहेर आणि नंतर रात्रीचा मुक्काम. मुलगी आजारी पडली तर डॉक्टरचा कागद आणि पुढच्या शनिवारी बदली भेट. मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी. दिवाळी एक वर्ष आईकडे, एक वर्ष वडिलांकडे. बुधवारी संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल, त्या वेळी आईने खोलीत थांबायचं नाही. मुलीला आणायचं कोणी, सोडायचं कोणी, भाडं कोणाचं, परदेशी न्यायचं तर कोणाची परवानगी, हेही लिहिलं. आईचे वकील वैतागले, म्हणाले, हे काय रेल्वेचं वेळापत्रक? मी म्हटलं, हो.

४. पोटगी थकली म्हणून भेट अडवता येत नाही, आणि भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही. दोन्हींचे अर्ज वेगळे, उपाय वेगळे.

५. भेट नाकारली गेली तर शाळेच्या गेटवरून मूल उचलून नेणारे बाप मी पाहिले आहेत, आयाही. त्या एका दुपारने अख्खी केस फिरते. त्यापेक्षा तारीख, वेळ, पाठवलेला निरोप यांची नोंद ठेवून, ज्या न्यायालयाने आदेश दिला तिथेच अर्ज करावा. बुडालेल्या भेटीच्या बदल्यात भेट मागता येते. घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत थांबायचीही गरज नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली दावा चालू असतानाच ताबा आणि भेटीचा अंतरिम आदेश मिळतो.

६. ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो. नाशिकची ती मुलगी दहा वर्षांची झाली तेव्हा शनिवारी तिचा चित्रकलेचा क्लास सुरू झाला. या वेळी अर्ज वडिलांनी केला, भेट रविवारी करून मिळावी म्हणून. आईने त्याच दिवशी ‘हरकत नाही’ लिहून सही केली.