टँकरचा खर्च तिप्पट झालाच नव्हता

आमच्या सोसायटीत आजही काही माणसं अशी आहेत, जी लिफ्टमध्ये भेटली की ‘काय टँकरवाले, कसं चाललंय?’ म्हणून हसतात. पाण्याचं काम मी बघत होतो, टँकरच्या पावत्या माझ्याकडे असायच्या, त्यावरून मिळालेलं हे बिरुद. त्या पावत्यांतला एक रुपयाही इकडचा तिकडे झालेला नाही, हे ऑडिटरने लिहून दिलंय. नाव खराब झालं ते वार्षिक अहवालातल्या एका आलेखामुळे, आणि तो आलेख मी काढलेला नव्हता. मी दिला होता तो हा तक्ता:

| वर्ष | टँकर (संख्या) | एका टँकरचा दर (रु.) | एकूण खर्च (लाख रु.) |
|---|---:|---:|---:|
| २०२१-२२ | ८९० | १,००० | ८.९० |
| २०२२-२३ | ८३० | १,१०० | ९.१३ |
| २०२३-२४ | ७४४ | १,२५० | ९.३० |
| २०२४-२५ | ७०० | १,४०० | ९.८० |

चार ओळी आहेत. वरून खाली एकदा नजर फिरवली की सगळं कळतं. टँकर दरवर्षी कमी झाले, दर दरवर्षी चढला आणि दोन्हींची ओढाताण होऊन खर्च थोडासा वाढला. टाकीचे व्हॉल्व्ह बदलून घेणं, गळके फ्लश शोधत दारोदार फिरणं, यात आम्ही काही जणांनी जे रविवार घालवले त्यांचा हिशेब दुसऱ्या रकान्यात आहे. २०२४-२५ मध्ये पूर्वीइतकेच ८९० टँकर त्या वर्षीच्या दराने घेतले असते तर बिल १२.४६ लाखांवर गेलं असतं. म्हणजे एका वर्षात २ लाख ६६ हजार वाचले.

सचिवसाहेबांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, “अहो, आकडे कोण वाचतं? लोकांना बघायला काहीतरी छान हवं.” मग त्यांनी शेवटचा रकाना तेवढा उचलला, एक्सेलमध्ये त्याचे उभे खांब काढले, वर ‘टँकरवरील वाढता खर्च’ असं शीर्षक दिलं आणि अहवाल छापायला पाठवला. मला विचारलं नाही. टँकरची संख्या आणि दर हे दोन रकाने, ज्यांच्यात सगळं कारण होतं, ते कचऱ्यात गेले.

सर्वसाधारण सभेत तोच आलेख पडद्यावर लावला. पहिला खांब बुटका, शेवटचा उंच. बँकेतून निवृत्त झालेले एक काका उठले आणि म्हणाले, “चार वर्षांत तिप्पट? पैसा जातो कुठे?” मागून कोणीतरी ‘टँकरवाल्याशी सेटिंग’ हा शब्दही सोडला. मी पडद्याकडे बघत राहिलो. खांब खरोखरच तिप्पट दिसत होता. मग डावीकडच्या बारीक आकड्यांवर नजर गेली आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सगळ्यात खाली ० नव्हतं, ८.४ होतं. पहिल्या खांबाची उंची होती ८.९० वजा ८.४, म्हणजे ०.५. शेवटच्याची १.४. जवळजवळ पावणेतीन पट. खरी वाढ होती दहा टक्के.

मी उठून हे सांगितलं. काका म्हणाले, “मग खांब तिप्पट का काढलाय?” प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर ज्यांनी द्यायला हवं होतं ते साहेब तेव्हा मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते.

उत्तर साधं आहे. उभ्या अक्षाचा तळ एक्सेल आपला आपण ठरवतं. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा यांच्यातला फरक मोठ्या आकड्याच्या साधारण एक षष्ठांशापेक्षा कमी असला की ते शून्य सोडून देतं आणि तळ वर उचलतं. आमचा फरक ०.९०, आणि ९.८० चा एक षष्ठांश १.६३. त्यामुळे तळ उचलला गेला. रेषेच्या आलेखात हे एक वेळ खपतं, कारण तिथे डोळा चढ-उतार बघतो. खांबात मात्र डोळा उंची मोजतो. खांब तळातून कापला की आलेख खोटं बोलतो, मग आकडे कितीही खरे असोत.

म्हणून पहिला सल्ला. खांब काढलेच तर अक्षावर राइट क्लिक करून `Format Axis` उघडा आणि `Minimum` मध्ये 0 टाका. तसं केल्यावर आमचे चारही खांब जवळपास सारखेच दिसतात. लोक म्हणतात, ‘मग आलेखात दिसणार काय?’ काहीच नाही, आणि तीच तर खूण आहे. शून्यापासून काढल्यावर खांबांतला फरक डोळ्यांना जाणवत नसेल, तर तो मजकूर आलेखाचा नाही. तो एका वाक्याचा आहे: ‘टँकरचा खर्च चार वर्षांत ८.९० लाखांवरून ९.८० लाखांवर गेला, म्हणजे दहा टक्के वाढला. याच काळात टँकर ८९० वरून ७०० वर आले.’ हे वाक्य अहवालात असतं तर सभेत काका उठले नसते.

वाक्याचीही एक मर्यादा असते, हे मला पुढच्या वर्षी बघायला मिळालं. आलेखावरून बोलणी खाल्ल्यावर साहेब दुसऱ्या टोकाला गेले. या खेपेला तक्ता नाही, आलेख नाही, सगळा परिच्छेद: ‘सन २०२१-२२ मध्ये रु. १,००० दराने ८९० टँकर, सन २०२२-२३ मध्ये रु. १,१०० दराने ८३० टँकर…’ असं वर्षामागून वर्ष. वाचणाऱ्याला ८९० शेजारी ७०० ठेवायचे तर चार ओळी मागे जावं लागतं, आणि तोवर मधले आकडे विसरायला होतात. माझा अनुभव असा की, एका वाक्यात तीन-चार आकडे नीट राहतात. तेही एकाच तुलनेचे असले तर. ‘किती होते, किती झाले, म्हणजे किती टक्के’ एवढं वाक्य पेलतं. त्यापुढे गेलात की तक्ता करा. आणि टक्के लिहाल तेव्हा कशाचे टक्के तेही लिहा.

तक्ता कधी, याची माझी कसोटी दोन गोष्टींची. एक, वाचणारा आपापला आकडा शोधणार असेल तर. दोन, एकाच ओळीत वेगवेगळ्या मापांचे आकडे असतील तर. आमच्याकडे एका रकान्यात टँकर, दुसऱ्यात रुपये, तिसऱ्यात लाख. ही तीन मापं एका आलेखात कोंबायची तर डावीकडे एक अक्ष, उजवीकडे दुसरा, आणि मग कोणती रेषा कोणत्या अक्षाची हे सांगायला माणूस उभा करावा लागतो. एडवर्ड टफ्टी या अमेरिकन अभ्यासकाने १९८३ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय की वीस किंवा त्याहून कमी आकडे असतील तर बहुधा तक्ताच आलेखापेक्षा सरस ठरतो. आमचे आकडे बारा होते. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर साहेबांच्या टेबलावर ते पान उघडून ठेवलं असतं.

तक्ता नीट करायचा तर ज्यांची तुलना करायची ते आकडे एकाखाली एक ठेवा, शेजारी-शेजारी नकोत. ब्रिटनमधल्या एरेनबर्ग नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये हेच मांडलं होतं, आणि आकडे भरपूर पूर्णांकित करा असंही. ९,१३,००० लिहिण्यापेक्षा शीर्षकात ‘लाख रु.’ लिहून खाली ९.१३ लिहा. आकडे उजवीकडे जुळवा. वर्षं नसून खर्चाची नावं असतील तर वर्णानुक्रम सोडा आणि मोठ्यापासून लहानाकडे लावा.

हे शेवटचं सांगायचं कारण खांबांचा आलेख असलेल्या त्या पहिल्या अहवालातला दुसरा प्रताप. सोसायटीच्या सगळ्या खर्चाचा साहेबांनी त्रिमितीय पाय चार्ट काढला होता, तिरक्या ठेवलेल्या केकसारखा. त्यात पुढे आलेला तुकडा जाडीसकट दिसतो म्हणून मोठा वाटतो. सुरक्षारक्षकांचा खर्च साफसफाईपेक्षा जास्त होता, पण साफसफाई पुढे आल्यामुळे तीच मोठी दिसत होती. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या दोघांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलं की एकाच पट्टीवरची जागा माणसाला सगळ्यात अचूक कळते, कोन त्याहून बराच कमी. पाय चार्ट सगळा कोनांवरच उभा. त्यातून अहवालाच्या प्रती काढल्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे, काळ्या-पांढऱ्या. आठ रंगांचे आठ करडे झाले आणि कोणता तुकडा कशाचा हे देवालाही कळेना. ‘लिफ्टला किती गेले?’ एवढं ज्या काकूंना बघायचं होतं, त्यांनी शेवटी मलाच फोन केला.

मी आलेखाचा वैरी नाही. नंतर मी पावत्यांवरून महिन्यामहिन्याचे टँकर काढले. चार वर्षांचे ४८ आकडे. त्यांचा तक्ता कोणी वाचला नसता. आडव्या अक्षावर एप्रिल ते मार्च घेऊन दरवर्षाची एक अशा चार रेषा काढल्या, आणि ४८ आकड्यांत लपलेलं समोर आलं. एप्रिल-मेचा उंचवटा दरवर्षी बुटका होत गेला होता, जुलै-ऑगस्टमध्ये चारही रेषा तळाशी एकत्र. म्हणजे बचत झाली ती उन्हाळ्यात. हे वाक्यात सांगता येतं, पण पटतं ते आकारातच. आकार दाखवायचा असेल तेव्हाच आलेख काढा. रेषेच्या टोकालाच वर्ष लिहा, बाजूला रंगांची यादी नको, म्हणजे झेरॉक्समध्येही वाचता येईल.

हा आलेख समितीने पुढच्या अहवालात घेतला नाही. ‘आता तो विषय संपलाय’ म्हणाले. त्यांच्यासाठी संपला असेल.

इतरांना एवढंच सांगतो. आपले आकडे दुसऱ्याच्या हाती देताना सोबत आपलं वाक्यही लिहून द्या, म्हणजे निदान काय म्हणायचं होतं याचा पुरावा राहतो. छापायला जाण्याआधीचं पान मागून घ्या, मागितल्याशिवाय कोणी देत नाही. आणि तुमच्या समितीत ठराव करून घ्या की अहवालातल्या प्रत्येक आलेखाखाली तो काढणाऱ्याचं नाव छापलं जाईल. मी हा ठराव मांडला होता. साहेबांनी विरोध केला, अनुमोदनाला कोणी उठलं नाही. पुन्हा मांडणार आहे.