पिव्हट आधी, भिंत नंतर

गेल्या सेमला मिनी प्रोजेक्ट म्हणून आम्ही तिघांनी एक छोटा थ्रीडी गेम करायला घेतला. रात्री लाईट गेलेल्या होस्टेलमधून बाहेर पडायचं, एवढीच गोष्ट. मॉडेल ब्लेंडरमध्ये आणि गेम युनिटीमध्ये, असं ठरलं. डेमोला चार दिवस असताना मी भिंतींचा पिव्हट ‘जरासा सुधारला’ आणि युनिटी उघडलं, तर अख्खं होस्टेल विस्कटलेलं! मोठ्या भिंती दोन-दोन मीटर सरकल्या होत्या आणि दारं एकेक मीटर. त्यातही प्रत्येक तुकडा वेगळ्याच दिशेला गेला होता. त्या रात्री जे कळलं, ते इथे लिहितोय.

पिव्हट म्हणजे मॉडेलचा शून्यबिंदू. युनिटी ‘भिंत इथे आहे’ असं लक्षात ठेवतं, म्हणजे खरं तर तिचा पिव्हट कुठे आहे ते लक्षात ठेवतं. भिंत फिरते तीही त्याच बिंदूभोवती. ग्रिड स्नॅपिंग चालू असलं की ग्रिडच्या रेघेवर जाऊन बसतो तोही पिव्हटच, भिंतीची कड नाही. म्हणून दोनशे तुकडे मांडून झाल्यावर पिव्हट हलवला, तर दोनशे तुकडे हलणारच.

मी पिव्हट हलवायला का गेलो? ब्लेंडरमध्ये नवीन क्यूब घेतला की त्याचा पिव्हट मधोमध असतो. आम्ही तो तसाच ठेवला होता. आमची मोठी भिंत ४ मीटरची, दाराची भिंत २ मीटरची आणि ग्रिड २ मीटरचं. ४ मीटरच्या भिंतीचा मध्य कडेपासून २ मीटरवर येतो, म्हणजे बरोब्बर रेघेवर. पण २ मीटरच्या भिंतीचा मध्य येतो १ मीटरवर, दोन रेघांच्या मध्ये. त्यामुळे दार ग्रिडवर बसेना. कंटाळून आम्ही स्नॅपिंग बंद केलं आणि नजरेनं जुळवायला लागलो. मग कुठे एक सेंटीमीटरची फट, तर कुठे भिंतीवर भिंत चढलेली. अंधाऱ्या खोलीत फटीतून उजेडाची रेघ दिसायची. एका मित्राने तर फट बुजवायला भिंत १.०२ पट ताणली! एक फट बुजली, पण तिच्यावरची नोटीसही ताणली गेली.

शेवटी सगळं पुसलं आणि आधी कागदावर नियम लिहिले.

पहिला नियम भिंतीचा. भिंतीची जाडी २० सेंटीमीटर, आणि ग्रिडची रेघ या जाडीच्या मधून जाते, दोन्ही बाजूंना १०-१० सेंटीमीटर. यामुळे शेजारच्या दोन खोल्यांना एकच भिंत पुरते. समोरून पाहिलं की पिव्हट नेहमी डाव्या टोकाला, तळाशी, जाडीच्या मधोमध. लांबी २ असो की ४, पिव्हट रेघेवर बसला की दुसरं टोकही रेघेवरच येतं. ब्लेंडरमध्ये हे असं करायचं: एडिट मोडमध्ये डाव्या टोकाची तळाची आखूड कड निवडा, Shift+S दाबून Cursor to Selected घ्या. कर्सर त्या कडेच्या मध्यावर येतो. मग ऑब्जेक्ट मोडमध्ये Set Origin मधून Origin to 3D Cursor निवडा. शेवटी Alt+G ने भिंत शून्यावर आणा आणि Ctrl+A मधून Scale अप्लाय करा. हे शेवटचं विसरलात, तर पुढे मापं फसवतात.

दुसरा नियम फरशीचा. तिचा पिव्हट एका कोपऱ्यात, आणि वरच्या पृष्ठभागावर. जाडी खाली जाते, म्हणून चालायची पातळी नेहमी शून्य. पण कोपऱ्यात पिव्हट असलेली फरशी ९० अंशात फिरवली, की ती शेजारच्या चौकोनात जाऊन पडते. तेव्हा फरशी फिरवायची नाही. टाईल्सची दिशा बदलून हवी असेल, तर वेगळा तुकडा करायचा.

आता एक ४ बाय ४ ची खोली मांडून बघू. नैर्ऋत्येचा कोपरा (०,०) धरा; पहिला आकडा पूर्वेकडचा, दुसरा उत्तरेकडचा. फरशीचा पिव्हट (०,०) वर. खोलीत उभं राहून उत्तरेकडे बघा. पिव्हट डावीकडे, म्हणून उत्तरेची भिंत (०,४) वर ठेवली की ती (४,४) ला संपते. तिथेच पूर्वेची भिंत सुरू करा, ९० अंश उजवीकडे वळवून. ती (४,०) ला संपते. तिथून दक्षिणेची, मग (०,०) पासून पश्चिमेची, आणि ती पुन्हा (०,४) ला येऊन भिडते. घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत गेलं की जिथे एक भिंत संपते तिथे दुसरीचा पिव्हट. माप बघायची वेळच येत नाही.

हीच किटची परीक्षासुद्धा आहे. भिंत चुकून ३.९८ मीटरची झाली असेल, तर ग्रिडवर प्रत्येक जोडाला २ सेंटीमीटरची फट दिसेल. आणि ग्रिड सोडून टोकाला टोक चिकटवत गेलात, तर बारा भिंतींनंतर २४ सेंटीमीटर कमी पडतील. म्हणून नवीन तुकडा आला की आधी त्याचा ग्रिडवर बंद चौकोन करून बघायचा.

कोपऱ्यात मात्र एक अडचण राहते. रेघ भिंतीच्या मधून जाते, त्यामुळे बाहेरच्या बाजूला १० बाय १० सेंटीमीटरची खाच उरते. तिच्यासाठी ३० बाय ३० चा खांब केला, पिव्हट तळाशी मधोमध. तो कोपऱ्याच्या ग्रिडबिंदूवर ठेवला की खाच झाकली जाते आणि जोडही दिसत नाही.

उंचीतही आम्ही एकदा फसलो. मजल्याची उंची ३ मीटर, म्हणून भिंतही ३ मीटरची केली. तिचा माथा वरच्या मजल्याच्या फरशीच्या नेमका पातळीत आला आणि फरशीवर भिंतीच्या रुंदीचे पट्टे लुकलुकायला लागले. दोन पृष्ठभाग एकाच जागी असले की पुढे कोण, हे ग्राफिक्स कार्डला ठरवता येत नाही. भिंत आणि खांब २.९ मीटरचे केले. फरशी २० सेंटीमीटर जाड असल्यामुळे त्यांचे माथे तिच्या पोटात लपले.

युनिटीत हे मांडताना वरचं बटण Center वर नसून Pivot वर आहे, आणि शेजारचं Global वर आहे, एवढं बघा. नाहीतर हँडल भिंतीच्या मध्यावर दिसतं आणि सगळं चुकल्यासारखं वाटतं.

दुसऱ्यांदा आमच्याकडे फक्त सहा तुकडे होते: लांब भिंत, आखूड भिंत, दाराची भिंत, मोठी फरशी, छोटी फरशी आणि खांब. २ मीटर रुंदीचा पॅसेज आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन खोल्या, एवढ्याला २८ भिंती, १२ फरशा आणि १६ खांब लागले. एकूण ५६ तुकडे, एका संध्याकाळीत. ‘स्कायरिम’ या २०११ च्या गेममधल्या गुहा आणि तळघरंही अशाच किटमधून बांधली होती. जोएल बर्जेस आणि नेथन पर्कीपाइल यांनी २०१३ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्यावर भाषण दिलं होतं, ते जरूर बघा.

या पद्धतीला मर्यादा आहेच. गोल जिना किंवा तिरका पॅसेज या ग्रिडवर बसत नाही. आमचा जिना सरळच राहिला. पण डेमोच्या आदल्या दिवशी भिंतीला पोपडे उडालेला रंग द्यायचा ठरला, तेव्हा लांब भिंतीचं एकच मॉडेल बदललं आणि चौदाही भिंती जागच्या जागी बदलल्या. पिव्हटला या वेळी कोणी हात लावला नव्हता.