सारख्या दिसणाऱ्या दोन पर्यायांतील निवड

व्यवस्थापनशास्त्राच्या बहुपर्यायी प्रश्नांत दोन पर्याय सहसा लवकर गळून पडतात. अडचण उरलेल्या दोहोंची असते. फ्रेंच खाण-अभियंता हेन्री फेयोल याने १९१६ साली मांडलेल्या चौदा तत्त्वांपैकी ‘आदेशाची एकता’ आणि ‘निर्देशनाची एकता’ ही अशीच एक फसवी जोडी होय.

रायपूरजवळील उरला औद्योगिक क्षेत्रात पोलादी सळयांचा एक कारखाना आहे, असे समजू. तेथे सळयांची विक्री तीन विभाग आपापल्या योजनेनुसार करीत. व्यवस्थापकाने ती एका प्रमुखाकडे सोपवून एकाच योजनेखाली आणली. हे कोणते तत्त्व?

‘एक प्रमुख’ हे शब्द वाचताच मन आदेशाच्या एकतेकडे ओढले जाते. अशा वेळी पर्यायांची व्याख्या आठवण्याऐवजी प्रत्येक तत्त्व मोडल्यास कोणता दोष उद्भवेल, हे पाहावे. आदेशाची एकता मोडली, तर एकाच कर्मचाऱ्याला दोन वरिष्ठांकडून परस्परविरोधी हुकूम मिळतात. निर्देशनाची एकता मोडली, तर एकाच उद्दिष्टाची कामे निरनिराळ्या योजनांत विखुरतात. प्रश्नात कोणत्याही कर्मचाऱ्याला दोन वरिष्ठ असल्याचा उल्लेख नाही; विखुरलेल्या योजनांचा मात्र आहे. म्हणून उत्तर निर्देशनाची एकता.

दोन्ही पर्याय बरोबर वाटतात, यालाही कारण आहे. निर्देशनाच्या एकतेवाचून आदेशाची एकता टिकत नाही, परंतु पहिली असली म्हणजे दुसरी आपोआप येते असे नाही, हे फेयोलनेच नमूद केले आहे. त्याच कारखान्यातील भांडारपालाला विक्रीप्रमुख व लेखाधिकारी हे दोघेही हुकूम सोडू लागले, तर योजना एकच असूनही त्या प्रश्नाचे उत्तर बदलेल.