किराणा दुकानासाठी ग्राहक टिकवण्याची योजना : खर्च आणि उद्दिष्टांचे गणित

बहु-ब्रँड किरकोळ व्यापारात सप्टेंबर २०१२ मध्ये ५१ टक्क्यांपर्यंत थेट परकीय गुंतवणुकीला परवानगी देण्यात आली, तेव्हा वस्तीतील किराणा दुकानाचे काय होणार, हा प्रश्न चर्चेत आला. ही दुकाने आजही मोठ्या संख्येने उभी आहेत. मात्र त्यांच्या ग्राहकांची खरेदी विभागली गेली आहे. महिन्याची यादी मोठ्या दालनातून किंवा मोबाइलवरून मागवायची आणि संपलेली मोहरी वा साबण तेवढा कोपऱ्यावरून आणायचा, असा अनेक कुटुंबांचा रिवाज झाला आहे. दुकानदाराला हे ग्राहक पूर्णपणे गमवावे लागलेले नाहीत. त्यांच्या खरेदीतील मोठा हिस्सा मात्र त्याच्या हातून निसटला आहे. तो परत मिळवण्याची योजना कशी आखावी आणि तिचा खर्च कसा मोजावा, याचा विचार येथे एका उदाहरणाच्या आधारे केला आहे.

सरसकट सवलतीचा फसवा मार्ग

नाशिक, इंदूर किंवा हुबळीसारख्या शहरातील मध्यमवर्गीय वसाहतीत एक दुकान आहे, असे समजू. त्याची मासिक विक्री ६ लाख ५० हजार रुपये आहे. खरेदी किंमत वजा जाता सरासरी १२ टक्के, म्हणजे ७८ हजार रुपये हाती राहतात. त्यातूनच भाडे, नोकराचा पगार आणि वीजबिल भागवायचे असते.

अशा दुकानदाराने सर्वांना दोन टक्के सूट जाहीर केली, तर ती किरकोळ वाटते. प्रत्यक्षात ती १३ हजार रुपयांची, म्हणजे त्याच्या ढोबळ नफ्याच्या एक षष्ठांशाची असते. पूर्वीइतकाच नफा मिळवण्यासाठी मूळ किमतीने मोजलेली विक्री ७ लाख ८० हजारांवर न्यावी लागेल. ही वाढ २० टक्क्यांची आहे. शिवाय सवलतीचा बहुतांश लाभ त्याच कुटुंबांना मिळतो, जी सवलत नसतानाही येथूनच माल घेत होती. म्हणून योजनेचा पहिला नियम असा की, जी खरेदी एरवीही होणारच होती तिच्यावर शक्यतो खर्च करू नये.

वहीतून ग्राहकांची विभागणी

यासाठी लागणारी माहिती उधारीच्या वहीत आणि बिलांच्या प्रतींत असते. मागील तीन महिन्यांची नोंद कुटुंबवार लावली की तीन गट दिसतात. आपल्या उदाहरणात ८० कुटुंबे पूर्ण यादी येथूनच भरतात. त्यांची खरेदी दरमहा सरासरी ४ हजार रुपयांची आहे. १८० कुटुंबे अंशतः खरेदी करतात. त्यांची सरासरी १,६०० रुपये आहे. उरलेली १४० कुटुंबे क्वचित येतात व सरासरी ३०० रुपयांचा माल नेतात.

वाढीला खरा वाव दुसऱ्या गटात आहे. या कुटुंबांना दुकान ठाऊक आहे आणि त्यांची आणखी खरेदी करण्याची ऐपतही आहे; फक्त ती खरेदी अन्यत्र होते. पहिल्या गटाला उपेक्षा जाणवू नये म्हणून त्यांना दिवाळीत एक भेट द्यावी आणि माल घरपोच देताना त्यांच्या यादीला अग्रक्रम द्यावा.

योजनेचे स्वरूप आणि खर्च

दुसऱ्या गटातील १२० कुटुंबांना ‘यादी सुरू करा’ या नावाने तीन महिन्यांचे कार्ड द्यावे. अट अशी की, महिन्यात किमान तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून २,४०० रुपयांची खरेदी व्हावी. ती पूर्ण करणाऱ्यास पोहे-शेंगदाण्यांची एक पुडी भेट मिळेल. तिची विक्री किंमत ६० रुपये, पण दुकानदाराला ती ४८ रुपयांना पडते. रोख सूट देण्याऐवजी वस्तू देण्याचा लाभ या फरकात आहे.

आता हिशेब पाहू. एखाद्या कुटुंबाची खरेदी १,६०० वरून २,४०० रुपयांवर गेली, तर वाढीव ८०० रुपयांवर १२ टक्क्यांनी ९६ रुपये मिळतात. भेटीचे ४८ वजा जाता ४८ उरतात. परंतु १२० पैकी १२ कुटुंबे आजही ही अट पूर्ण करतात असे धरले, तर त्यांच्या भेटींचे ५७६ रुपये वाढीविना खर्च होतील. कार्डे व नोंदवहीसाठी दरमहा ३०० आणि ८० दिवाळी भेटींचा महिन्याला पडणारा वाटा ३२० रुपये आहे. हे १,१९६ रुपये भरून निघण्यास किमान २५ नवी कुटुंबे अटीपर्यंत पोहोचली पाहिजेत. म्हणून तिसऱ्या महिन्यात अशी ३० कुटुंबे, म्हणजे जुन्या बारांसह एकूण ४२, हे उद्दिष्ट ठेवावे. ते साध्य झाले तरी त्या महिन्याची निव्वळ शिल्लक अवघी २४४ रुपये असेल.

मग एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर चौथ्या महिन्यात मिळते. कार्ड संपल्यावरही ३० पैकी २० कुटुंबांनी वाढीव खरेदी कायम ठेवली, तर दरमहा १,९२० रुपये भेटीच्या खर्चाविना मिळत राहतात. भेट ही सवय लावण्यासाठी असते. ती कायम ठेवली तर ग्राहक तिला हक्क समजू लागतो आणि लाभ संपतो.

योजना कोठे फसते

पहिला धोका वस्तूंच्या मिश्रणाचा आहे. १२ टक्के ही सरासरी आहे. खाद्यतेल आणि साखर यांवर त्याहून बराच कमी नफा सुटतो. वाढीव ८०० रुपये अशाच चार टक्क्यांच्या मालावर खर्च झाले, तर दुकानदाराला ३२ रुपये मिळतात आणि भेटीपोटी ४८ जातात. म्हणून तेल व साखर कार्डाच्या हिशेबात धरू नये, आणि हे आरंभीच सांगावे.

दुसरा धोका उंबरठ्याजवळच्या कुटुंबांचा. जे आधीच २,२०० रुपयांची खरेदी करते त्याला केवळ २०० रुपये वाढवावे लागतात; त्यातून २४ रुपये सुटतात. भेटीचा खर्च निघण्यास किमान ४०० रुपयांची वाढ हवी. पहिल्या फेरीतील कार्डे त्यामुळे शक्यतो कमी खरेदीच्या कुटुंबांना द्यावीत.

तिसरा धोका उधारीचा. अट पूर्ण झाली हे पैसे जमा झाल्यावरच मानावे. ४ हजार रुपयांचे एक खाते बुडाले, तर त्यातील मालाची किंमत भरून काढण्यास सुमारे ३० हजार रुपयांची विक्री लागते. योजनेची वर्षभराची शिल्लकही त्यात जाऊ शकते.

यश ओळखण्याची कसोटी

नुसती विक्री वाढली म्हणून योजना फळली असे म्हणता येत नाही. सणासुदीला ती एरवीही वाढते. म्हणूनच दुसऱ्या गटातील ६० कुटुंबांना पहिल्या तिमाहीत कार्ड न देता पुढच्या फेरीसाठी राखून ठेवावे. त्यांचीही सरासरी २०० रुपयांनी वाढली असेल, तर कार्डधारकांच्या वाढीतून तेवढी वाढ वजा करावी. पुढच्या महिन्याचा साठा आधीच करून अट पूर्ण केली गेली असेल, तर चौथ्या महिन्यातील खरेदी १,६०० च्याही खाली येईल.

चौथ्या व पाचव्या महिन्यात किमान निम्मी नवी कुटुंबे तीन किंवा अधिक वेळा दुकानात येत असतील, तर राखून ठेवलेल्या ६० कुटुंबांसाठी दुसरी फेरी सुरू करावी. तशी ती येत नसतील, तर भेटीचे मूल्य वाढवू नये. ही कुटुंबे कोणता माल अन्यत्र घेतात आणि तो येथे का घेत नाहीत, हे त्यांनाच विचारावे. हवी ती डाळ शिल्लक नसणे किंवा यादी पोहोचण्यास दोन दिवस लागणे, हे कारण निघाले तर त्यावरील उपाय पुडीपेक्षा स्वस्त पडेल.