पदनाम आणि पायरी

राष्ट्रीयीकृत बँकांमधील अधिकाऱ्यांच्या श्रेणी व वेतनात एकसूत्रता यावी म्हणून नेमलेल्या पिल्लई समितीने १९७४ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार १९७९ पासून या बँकांमध्ये अधिकाऱ्यांचे सात स्केल लागू झाले. पुढे काही मोठ्या बँकांनी त्यावर मुख्य महाव्यवस्थापकाची पायरीही जोडली. पायऱ्या एक झाल्या, तरी त्यांची नावे मात्र एक झाली नाहीत. बँक ऑफ महाराष्ट्रमध्ये स्केल दोनचा अधिकारी 'व्यवस्थापक' म्हणवतो. भारतीय स्टेट बँकेत त्याच स्केलला 'उपव्यवस्थापक' म्हणतात आणि 'व्यवस्थापक' हे नाव स्केल तीनला आहे. म्हणजे एका बँकेतून दुसरीत जाताना पाटीवरचे नाव तेच राहूनही बढती झालेली असू शकते.

सार्वजनिक बँकांत निदान स्केलचा आकडा विचारता येतो. खाजगी क्षेत्रात ती सोय नाही. समजा, एखादा वरिष्ठ व्यवस्थापक, म्हणजे स्केल तीनचा अधिकारी, तालुक्याच्या गावी शाखा सांभाळतो. त्याच्या हाताखाली आठ माणसे आहेत व ठरावीक रकमेपर्यंत कर्ज मंजूर करण्याचा अधिकार आहे. परदेशी बँकेच्या पुण्यातील सेवा-कार्यालयातून त्याला 'असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट' या पदाचे बोलावणे येते. उपाध्यक्षपदाचा भास होऊन घरी पेढे वाटले जातील. परंतु अशा बँकांची शिडी बहुधा ॲनॅलिस्ट, असोसिएट, असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट, व्हाइस प्रेसिडेंट, डायरेक्टर, मॅनेजिंग डायरेक्टर अशी असते. खालून मोजल्यास देऊ केलेले पद तिसरे, आणि त्याचे आजचे पदही तिसरेच! तेथे 'व्हाइस प्रेसिडेंट' हाही मधल्या फळीतला अधिकारी असतो आणि एकेका कार्यालयात असे अनेक असतात.

अर्थात केवळ पायऱ्या मोजणे पुरेसे नाही, कारण सर्व शिड्या सारख्या उंचीच्या नसतात. दहा नोकरांच्या पतसंस्थेतही महाव्यवस्थापक असतो. म्हणून आणखी काही गोष्टी मुलाखतीतच विचाराव्यात. आपण कोणाला जबाबदार राहणार व त्या व्यक्तीचे पदनाम काय? त्याच पदनामाचे किती जण त्या विभागात आहेत? कोणत्या कागदावर आपली सही अंतिम ठरेल? आधीच्या माणसाला पुढे कोणते पद मिळाले? वरिष्ठाचे पदनामही असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंटच असेल, तर नाव मोठे करून जागा भरली जात आहे असे समजावे. उत्तरे मोघम आली, तर संबंधित विभागाचा पदतक्ता मागावा.

वरील उदाहरणात शाखाधिकाऱ्याला कळले, की हाताखाली कोणी नसेल, कर्जमंजुरीचा अधिकार नसेल, पगार मात्र बराच वाढेल. पगारवाढीसाठी तो जाऊ शकतो, पण ती बढती नव्हे. चार वर्षांनी त्याला पुन्हा एखाद्या बँकेत शाखा वा विभाग सांभाळण्यासाठी अर्ज करावा लागला, तर पहिला प्रश्न येईल तो मधल्या काळात किती माणसे व किती रकमेची मंजुरी हाताळली, हाच.