छायाचित्रातील तारा ओळखताना

आमच्याकडे प्रसिद्धीसाठी जिल्ह्यातील एका शाळेकडून रात्रीच्या आकाशाचे छायाचित्र आले. पाठीमागे "शुक्र व इतर तारे" एवढेच लिहिलेले. छायाचित्र मोबाइलवर काढलेले असून ते हातोहाती पुढे पाठविले जात आल्याने त्यातील वेळेची नोंद पुसली गेली होती. घेणाऱ्या विद्यार्थ्याला दिशाही आठवत नव्हती. फोन २०२२ साली घेतलेला होता, इतकेच ठाऊक होते. अशा चित्राखाली ओळ कशी लिहावी?

वेळ आणि दिशा ठाऊक नसली तरी ताऱ्यांची परस्परांतील अंतरे बदलत नाहीत. म्हणून प्रारंभ सर्वांत तेजस्वी ठिपक्यापासून न करता ओळखीच्या आकृतीपासून करावा. या चित्रात एका रेषेत, जवळजवळ समान अंतरावर तीन तारे होते. मृग नक्षत्राच्या पोटातील हा बाण असावा, असा तर्क केला. परंतु तीन ठिपके रेषेत कोठेही सापडतात. तर्क पडताळून पाहावा लागतो. आकाशात या बाणाची लांबी सुमारे पावणेतीन अंश आहे. बाणाची रेषा एका बाजूस त्याच्या आठपट वाढविली की व्याध येतो व दुसऱ्या बाजूस जवळपास तितक्याच अंतरावर रोहिणी. तिच्या पलीकडे आणखी पाचपट अंतरावर कृत्तिकांचा पुंजका असतो. छापील प्रतीवर फूटपट्टी लावली तेव्हा बाण ६ मिलिमीटर भरला, म्हणजे व्याध ४८ मिलिमीटरवर हवा. तो ५१ वर मिळाला. भिंगामुळे चित्राच्या कडेकडील अंतरे थोडी ताणली जातात, त्यामुळे एवढी तफावत चालते. रोहिणी व कृत्तिकाही आपापल्या जागी होत्या. चित्र उलटे, आरशातल्यासारखे तर नाही ना, हेही पाहावे: तांबूस काक्षी वर व राजन्य खाली येईल असे चित्र धरल्यास व्याध डावीकडे आला पाहिजे. तो तसाच आला.

आता नकाशात नसलेला एक ठिपका उरला. रोहिणीपासून वृषभाच्या शिंगाच्या टोकावरील अग्नी ताऱ्याकडे जाताना, निम्म्याच्या थोडा अलीकडे, रोहिणीपासून १७ मिलिमीटरवर, व्याधाहून ठळक असा तो होता. ग्रह क्रांतिवृत्ताजवळच फिरतात, आणि क्रांतिवृत्त या भागात रोहिणी व कृत्तिका यांच्यामधून जाते. म्हणून हा ठिपका ग्रह असू शकतो; व्याधाशेजारी असता तर ही शक्यता सोडून द्यावी लागली असती व विमान किंवा भिंगातील प्रतिबिंब यांचा विचार करावा लागला असता. ग्रह लुकलुकत नाहीत ही आपली नेहमीची खूण छायाचित्रात निरुपयोगी ठरते.

मंगळ ८ डिसेंबर २०२२ रोजी प्रतियुतीत होता व तेव्हा तो याच परिसरात चमकत होता. परंतु तो तांबूस दिसतो. कॅमेरा रंग बदलतो हे खरे, तथापि त्याच चित्रातील रोहिणी तांबूस उमटली असताना हा ठिपका पांढरट होता. सबब मंगळ नव्हे.

राहिले गुरू व शुक्र. अतितेजस्वी ठिपके कॅमेऱ्यात सारखेच फुगतात, त्यामुळे केवळ तेजावरून निर्णय देणे धोक्याचे. येथे खालच्या झाडांनी मदत केली. झाडांच्या शेंड्यांलगत व्याध होता, त्याच्यावर मृग व सर्वांत वर रोहिणी. महाराष्ट्रातून असे दृश्य मृग उगवत असताना, पूर्वेकडे दिसते. मावळताना रोहिणी उजवीकडे खाली असते. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जात नाही. पूर्वेस उगवत्या वृषभात तो असेल तर वेळ पहाटेची, महिना जून-जुलैचा. आणि त्या दिवसांत शुक्र वृषभात असताना व्याध उगवेपर्यंत एवढे काळे आकाश उरत नाही. म्हणून उत्तर गुरू.

गुरू २०२४-२५ मध्ये वृषभात होता, व या जागेवरून तो वक्री गतीमुळे तीनदा गेला: ऑगस्ट २०२४, डिसेंबर २०२४ आणि एप्रिल २०२५. एप्रिलमध्ये मृग संध्याकाळी पश्चिमेस असतो, तो गळला. ऑगस्टच्या प्रारंभी पहाटे मृग पूर्वेस खरा, पण तेव्हा मंगळ रोहिणीच्या जवळ होता. चित्रात दुसरा अनोळखी ठिपका नाही. उरला डिसेंबर. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात व्याध झाडांवर येतो तो रात्री नऊच्या सुमारास.

ही सारी पडताळणी संगणकावरही करता येते. nova.astrometry.net या संकेतस्थळावर चित्र दिल्यास तेथील प्रणाली चार-चार ताऱ्यांच्या आकृती जुळवून आकाशाचा भाग सांगते. मात्र ती स्थिर तारे ओळखते, ग्रह आपणच शोधावा लागतो.

शाळेस ओळ दुरुस्त करून कळविली: "गुरू, रोहिणीजवळ, पूर्व दिशा, डिसेंबर २०२४, रात्री नऊच्या सुमारास." विद्यार्थ्याचे उत्तर आले की, त्या सुमारास शाळेचे स्नेहसंमेलन होते व चित्र मैदानावरून काढले होते.