खारपाणपट्ट्याचा उतारा

अमरावती

चि. पूर्वा,

तुझी सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका कालच अकोल्याहून मिळाली. खारपाणपट्ट्यावरच्या उताऱ्याचा तो प्रश्न मी दोनदा वाचला. मध्यवर्ती कल्पना विचारली होती आणि तू पर्याय निवडलास, ‘पूर्णा खोऱ्यातील विहिरींचे पाणी पिण्यायोग्य नाही.’ अडीच गुण गेले, शिवाय चुकीच्या उत्तराचे पाव हिस्सा गुण कापले गेले. ‘पण मामा, हे उताऱ्यातच आहे!’ असं तू फोनवर म्हणालीस, ते खरंच आहे. त्या पर्यायात चुकीचं एक अक्षरही नाही. म्हणूनच तो फसवतो.

आता उतारा समोर ठेव. पहिल्या परिच्छेदात विहिरी खाऱ्या आहेत, पिण्याचं पाणी दुरून आणावं लागतं. दुसऱ्यात जमीन येते: काळी, चिकण, क्षारांची, खारं पाणी दिलं की ती घट्ट होते, पाणी मुरत नाही. तिसऱ्यात त्यामुळे ओलीत नाही, कापूस-तूर पावसाच्या भरवशावर आणि हरभरा उरलेल्या ओलाव्यावर. चौथ्यात शेततळ्यात साठवलेल्या पावसाच्या पाण्याची एखादी पाळी पीक वाचवते.

तुझा पर्याय खरा धरला, तर लेखकाने शेवटचे तीन परिच्छेद कशाला लिहिले? पर्याय निवडण्याआधी प्रत्येक परिच्छेदावर बोट ठेवून विचार, ‘हा या वाक्याखाली बसतो का?’ तुझ्या वाक्याखाली एकच बसतो. ‘खारट पाणी आणि खारट जमीन यांमुळे या पट्ट्याला पावसाच्या साठवलेल्या पाण्याचा आधार घ्यावा लागतो’ याखाली चारही बसतात. ‘महाराष्ट्रातील पाणीटंचाई’ हा पर्याय मात्र उताऱ्याबाहेर सांडतो. तो तू सोडलास, ते बरोबर केलंस.

तू का फसलीस, तेही मला कळतं. तुझं आजोळ दर्यापूरकडचं. तिथल्या विहिरीचं पाणी तुझ्या जिभेला ठाऊक आहे. पहिलाच परिच्छेद ओळखीचा निघाला, त्यातले शब्द जसेच्या तसे पर्यायात दिसले आणि हात तिथे थांबला. परीक्षक असा पर्याय मुद्दाम उताऱ्यातले शब्द उचलून बनवतो. योग्य उत्तर बहुधा स्वतःच्या शब्दांत असतं.

एक जपायचं. पहिल्या परिच्छेदातलं वाक्य दरवेळी अरुंदच असतं असं नाही. पुढचे परिच्छेद त्याचीच उदाहरणं किंवा कारणं देत असतील, तर तेच मध्यवर्ती असतं. इथे दुसरा परिच्छेद विहिरीचं उदाहरण देत नाही, तो जमिनीबद्दल बोलतो. ‘त्यामुळे’ आणि ‘मात्र’ हे शब्द कुठे आलेत, ते बघ. उतारा तिथेच वळलाय.

रविवारी येशील तेव्हा दुसऱ्या उताऱ्याच्या समासात प्रत्येक परिच्छेदापुढे तीन-चार शब्द लिहून आण. पर्याय मी झाकून ठेवीन. आधी तुझं वाक्य ऐकायचं आहे.

तुझा
मामा